मार्जिन कॉल नक्की किती रकमेचा?

आज भाच्याला फ्युचर्सचं गणित समजावत बसलो होतो, आणि सगळे अडकतात तिथेच तो अडकला, म्हणून इथे लिहितोय.

कॉमेक्स या अमेरिकन बाजारातलं सोनं घेऊ, एक लॉट म्हणजे 100 औंस, म्हणजे भाव 1 डॉलर हलला की खात्यात 100 डॉलर हलतात. समजा 2000 ला खरेदी केली, इनिशियल मार्जिन, म्हणजे सौदा करताना खात्यात ठेवायची रक्कम, 8000 आणि मेंटेनन्स, म्हणजे पुढे किमान राहायलाच हवी ती रक्कम, 6000. पहिल्या दिवशी क्लोज 1992, 800 गेले, उरले 7200. दुसऱ्या दिवशी 1985, उरले 6500, अजून कॉल, म्हणजे पैसे भरा असा निरोप, नाही कारण 6000 च्या वर आहोत. तिसऱ्या दिवशी 1978, बॅलन्स 5800, आता कॉल आला.

भाचा म्हणाला, "मामा, 200 भरले की झालं ना?" नाही रे! 6000 ही फक्त धोक्याची रेघ आहे, एकदा तिच्या खाली गेलास की परत थेट 8000 पर्यंत भरायचं, म्हणजे 2200.

चौथ्या दिवशी 1990, 1200 जमा, बॅलन्स 9200, वरचे 1200 काढताही येतात. ताळा असा करायचा: भरले एकूण 10200, आहेत 9200, तोटा 1000, आणि भावही 10 डॉलरनेच पडलाय, जुळलं.

आपल्याकडे एनएसईवर फ्युचर्सचा एमटीएम तोटा, म्हणजे रोजच्या क्लोजप्रमाणे निघणारा तोटा, रोखच द्यावा लागतो बरं का, गहाण ठेवलेले शेअर तिथे चालत नाहीत, त्यामुळे पोझिशन घेताना खात्यात मोकळी कॅश ठेवाच.