110 अंशांनंतर काळी पडणारी स्क्रीन आणि आजोबांची पेन्सिल

माझ्या लॅपटॉपची स्क्रीन झाकण थोडं मागे ढकललं की लुकलुकायची आणि मग काळी पडायची. झाकण पुढे आणलं की पुन्हा चालू. विकत घेऊन सात महिने झाले होते, वॉरंटी एक वर्षाची. सेवा केंद्रात तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून लॅपटॉप परत मिळाला. तिसऱ्या वेळी ‘बाह्य नुकसान, वॉरंटीबाहेर’ असं सांगून स्क्रीन बदलण्याचा खर्च हातात ठेवला.

त्या रात्री मी दोन पानी ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधी आजोबांना दाखवला. आजोबांची सगळी नोकरी आवक-जावक विभागात गेली. लोकांची पत्रं उघडायची, त्यावर टिपणी लिहायची आणि योग्य टेबलावर पाठवायची, हे त्यांचं काम. त्यांनी मला प्रिंट काढायला लावली आणि पेन्सिल घेऊन बसले. ‘अत्यंत बेजबाबदार’, ‘मनस्ताप’, ‘तुमच्यासारख्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती’, सगळ्यावर रेघ. शेवटी चार ओळी उरल्या.

“अगं, राग खरा आहे, पण त्याच्यावर टिपणी काय लिहिणार? ‘ग्राहक नाराज आहे, दिलगिरी कळवावी.’ संपलं. फाईल बंद.”

मग त्यांनी तिन्ही जॉबशीट मागितल्या. मी त्या नीट वाचल्याच नव्हत्या. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात तिन्ही वेळा काउंटरवरच्या माणसाने फक्त ‘डिस्प्लेचा प्रॉब्लेम’ लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. तंत्रज्ञाने लॅपटॉप टेबलावर सरळ उघडून ठेवला असणार, स्क्रीन व्यवस्थित दिसली असणार. दोष दिसण्यासाठी झाकण हलवावं लागतं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. म्हणजे पहिली तक्रार मी ईमेलमध्ये नाही, काउंटरवरच वाईट लिहिली होती.

तेव्हा आधी दोष नीट पकडायचं ठरलं. कंपासपेटीतला कोनमापक बिजागरीपाशी धरून झाकण हळूहळू उघडलं. साधारण 110 अंशांच्या पुढे गेलं की लुकलुक सुरू, दहापैकी नऊ वेळा. एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर जोडला, तर लॅपटॉपची स्क्रीन काळी असतानाही मॉनिटरवर चित्र स्थिर होतं. म्हणजे चित्र तयार करणारा भाग ठीक असण्याची शक्यता मोठी. मग विंडोज सुरू न करता बायोसच्या पानावर गेले, तिथेही तेच झालं. तिथे विंडोजचे ड्रायव्हर चालतच नाहीत, त्यामुळे ‘ड्रायव्हर अपडेट करून बघा’ या सल्ल्याला जागा उरली नाही. दोष बिजागरीतून स्क्रीनकडे जाणाऱ्या केबलमध्ये, तिच्या जोडणीत किंवा स्क्रीनमध्येच असणार.

हे सगळं एका सलग व्हिडिओत घेतलं, मध्ये कुठेही न तोडता. सुरुवातीला लॅपटॉपच्या तळावरचा अनुक्रमांक, मग बाहेरचा मॉनिटर आणि झाकण एकाच चौकटीत. तुकडे जोडलेला व्हिडिओ असता तर ‘हा दुसराच लॅपटॉप असेल’ म्हणायला वाव राहिला असता.

मी उत्साहाने लिहिलं, “डिस्प्लेची केबल खराब आहे, ती बदलून द्यावी.” आजोबांनी त्यावरही रेघ मारली.

“केबल तू उघडून पाहिलीस?”

“नाही, पण लक्षणं तीच आहेत.”

“मग लक्षणं लिही. उद्या ते केबल बदलतील, दोष तसाच राहील आणि म्हणतील, तुम्ही मागितलं ते दिलं.”

मागणीच्या बाबतीत ते सर्वांत कडक होते. माझ्या मसुद्यात नवा लॅपटॉप, नाहीतर पैसे परत, शिवाय भरपाई, असं सगळं होतं. त्यांचं म्हणणं, तीन मागण्या केल्या की समोरचा त्यातली सोपी निवडतो किंवा तिन्हींवर ‘विचाराधीन’ लिहितो. एकच मागावी आणि ती पुरी झाली की नाही हे दोघांनाही तपासता यावं.

उरला तो ‘बाह्य नुकसान’चा प्रश्न. झाकणाच्या कोपऱ्यावर एक ओरखडा होता हे खरं. मला तो लपवावासा वाटत होता, आजोबांनी तो पत्रातच घ्यायला लावला. कारण दुसऱ्या जॉबशीटवर, ‘वस्तूची स्थिती’ या रकान्यात, सेवा केंद्रानेच तो नोंदवला होता आणि तरीही लॅपटॉप वॉरंटीत तपासला होता. गेलेलं पत्र असं:

“विषय: वॉरंटीतील डिस्प्ले दोष दूर करण्याबाबत. संदर्भ: 9 जानेवारी, 2 फेब्रुवारी व 5 मार्चच्या जॉबशीट.

झाकण सुमारे 110 अंशांपुढे उघडल्यावर स्क्रीन लुकलुकते व काळी पडते. दहा प्रयत्नांत नऊ वेळा असे घडले. त्याच वेळी बाहेरच्या मॉनिटरवरील चित्र स्थिर राहते. बायोसमध्येही दोष दिसतो. सलग व्हिडिओ सोबत जोडला आहे.

5 मार्च रोजी ‘बाह्य नुकसान’ हे कारण देण्यात आले. झाकणावरील ओरखडा 2 फेब्रुवारीच्या जॉबशीटवर नोंदलेला आहे. दोषाची पहिली तक्रार 9 जानेवारीची असून त्या जॉबशीटवर ओरखड्याची नोंद नाही. वेगळे नुकसान अभिप्रेत असल्यास त्याचे ठिकाण, छायाचित्र आणि त्यामुळे हा दोष कसा निर्माण झाला, हे लेखी कळवावे.

मागणी: वरील चाचणीत दोष दिसणार नाही अशी दुरुस्ती वॉरंटीत, विनामूल्य, 24 मार्चपर्यंत करून द्यावी. तसे न झाल्यास 25 मार्च रोजी हीच कागदपत्रे ग्राहक तक्रार यंत्रणेकडे सादर करीन.”

‘लवकरात लवकर’ ऐवजी तारीख, कारण लवकर म्हणजे किती हे समोरचा ठरवतो. ‘दहा दिवसांत’ म्हटलं तर कुठल्या दिवसापासून मोजायचे हाही वाद. शेवटच्या वाक्यावर आजोबांनी मला विचारलं, “25 तारखेला खरंच जाणार आहेस ना? नसशील तर हे वाक्य काढ.” मी अर्ज त्याच दिवशी भरून तयार ठेवला.

10 मार्चला ईमेल गेला, पोच म्हणून तक्रार क्रमांक आला. दोन दिवसांनी फोन आला, “मॅडम, लॅपटॉप घेऊन या, बघून घेऊ.” फोनवरचं बोलणं कागदावर आणायचं हेही आजोबांचंच. फोन ठेवल्यावर लगेच एक ओळ पाठवली: ‘आज दुपारी झालेल्या बोलण्यानुसार वॉरंटीत तपासणीसाठी लॅपटॉप आणत आहे. समजण्यात चूक असल्यास कळवावे.’ उत्तर आलं नाही, पण ओळ नोंदीत राहिली.

यावेळी काउंटरवर ‘110 अंशांपुढे झाकण उघडून तपासावे’ हे वाक्य जॉबशीटवर लिहून घेतलं आणि मगच सही केली. त्यांनी आधी केबल बदलली. लुकलुक थांबली नाही. मग स्क्रीनचं पॅनेल बदललं, कारण जोडणीचा सांधा पॅनेलच्या बाजूने सैल होता. मी केबलच मागितली असती तर पहिल्याच टप्प्यावर काम ‘पूर्ण’ झालं असतं.

21 मार्चला लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने ‘काम समाधानकारक’ या रकान्यावर बोट ठेवलं. मी पिशवीतून कोनमापक काढला आणि झाकण दहा वेळा उघडून पाहिलं. मागे रांगेत चार माणसं होती. सही त्यानंतर केली.