जीएम काउंटर आणि आलेखाची न दिसणारी डावी बाजू

एमएस्सीला जीएम काउंटरच्या, म्हणजे किरणोत्सारी सोर्समधून येणारे कण मोजणाऱ्या गायगर-म्युलर नळीच्या प्रॅक्टिकलमध्ये जर्नलवरची सही ज्या कारणासाठी अडली, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. प्रयोगाच्या छापील कागदावर लिहिलं होतं, 'व्होल्टेज शून्यापासून वाढवत न्या आणि आलेखावर सर्व प्रदेश दाखवा.' म्हणजे पुनर्संयोग, संपृक्ती, प्रपोर्शनल, गायगर आणि शेवटी सतत डिस्चार्ज. मी बीटा सोर्स ठेवून सुरुवात केली. 100 व्होल्टला काउंट शून्य, 200 ला शून्य, 300 लाही शून्य. 340 च्या आसपास आकडे एकदम धावायला लागले. जर्नल परत आलं: 'डावी बाजू कुठे आहे?'

डावी बाजू त्या काउंटरवर दिसूच शकत नाही. पुस्तकातल्या आकृतीत उभ्या अक्षावर एका कणामुळे गोळा झालेला विद्युतभार असतो, आपण मोजतो ते मिनिटाला किती पल्स आल्या. बीटा कण नळीतल्या वायूत साधारण 50 आयन जोड्या करतो असं धरा. अगदी कमी व्होल्टेजला त्यातल्या काही नळीच्या मधल्या तारेपर्यंत पोचण्याआधीच पुन्हा एकत्र येतात, हा पुनर्संयोग. थोडं वाढवलं की सगळ्या गोळा होतात, ही संपृक्ती. पण तेव्हाही नळीच्या 20 पिकोफॅरड धारकतेवर मिळतो एका मायक्रोव्होल्टच्याही आतला पल्स, आणि काउंटर इतका बारीक पल्स मोजतच नाही. प्रपोर्शनल प्रदेशात तारेजवळ इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, पल्स मोठा होतो, तरी आमच्या काउंटरला तोही पुरेसा नव्हता. गायगर प्रदेशात मात्र एका कणामागे अब्जभर जोड्या तयार होतात आणि तोच पल्स काही व्होल्टचा होतो. म्हणून 340 ला काउंट एकदम सुरू झाला. डावी बाजू बघायची तर आयन चेंबर, जोरदार सोर्स आणि करंट मोजणारा इलेक्ट्रोमीटर लागतो. हे सगळं गणित जर्नलमध्ये आलेखाशेजारी मांडलं, तेव्हा सही मिळाली. ते पान मी जपून ठेवलं आहे.

प्लॅटो म्हणजे गायगर प्रदेशातला जवळपास सपाट भाग, जिथे व्होल्टेज वाढवलं तरी काउंट फारसा बदलत नाही. त्यासाठी प्रत्येक वाचन किमान पाच मिनिटं घ्या. एका मिनिटात मला 390 व्होल्टला 3000 आणि 540 ला 3180 काउंट मिळाले, म्हणजे उतार 100 व्होल्टला 4 टक्के. पण 180 च्या त्या फरकात निव्वळ योगायोगाची चूकच सुमारे 80 ची आहे, त्यामुळे या उतारावर विसंबता येत नाही.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: प्लॅटोच्या शेवटी काउंट पुन्हा झपाट्याने चढू लागला की पुढचं वाचन घेऊ नका, व्होल्टेज लगेच खाली आणा. तिथून सतत डिस्चार्ज सुरू होतो. सोर्स काढून घेतला तरी काउंट थांबत नाही आणि नळी खराब होते. आकृतीतला तो शेवटचा भाग वहीत नुसता तुटक रेषेने काढा.