"डू द नीडफुल" लिहिलं आणि तीन आठवडे वाट बघत बसले

इंग्लंडमध्ये लेस्टरला येऊन मला आता दोन वर्षं होतील. इथे एका छोट्या अकाउंटन्सी फर्ममध्ये आहे, म्हणजे पुण्यात जे करत होते तेच थोडंफार, फक्त जीएसटीच्या जागी व्हॅट आणि एमसीएच्या जागी कंपनीज हाऊस, म्हणजे कंपन्यांची नोंदणी आणि अकाउंट्स जिथे जातात ते इथलं सरकारी ऑफिस. कामाचं फार काही वाटलं नाही, पण ईमेल लिहायला मात्र मला इथे परत पहिलीपासून शिकावं लागलं.

झालं असं की ऑक्टोबरमध्ये एक बेकरी आमच्याकडे आली, नवरा-बायको दोघांची लिमिटेड कंपनी, जुना अकाउंटंट सोडून. त्यांचं वर्ष 31 मार्च 2025 ला संपलेलं, म्हणजे नऊ महिन्यांच्या हिशोबाने 31 डिसेंबरपर्यंत अकाउंट्स कंपनीज हाऊसला जायलाच पाहिजेत. एक दिवस उशीर झाला तरी 150 पाउंड दंड, आणि महिना उलटला की तो 375 होतो. आणि गंमत म्हणजे क्लायंटची ओळख तपासल्याशिवाय आम्ही कामच सुरू करू शकत नाही, मनी लाँडरिंगचा कायदा आहे इथे 2017 चा, त्यात अकाउंटंटही येतात. म्हणजे कागद आले नाहीत तर फाइल नुसती पडून राहणार.

मी 6 ऑक्टोबरला मेल टाकला. त्याचं मराठी केलं तर असं, "कृपया बाकी राहिलेली सर्व कागदपत्रं लवकरात लवकर पाठवावीत ही विनंती", आणि शेवटी आपलं लाडकं डू द नीडफुल. मला वाटलं काय नम्र मेल आहे!

उत्तर आलं ते तुकड्यातुकड्यात. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो, कोपऱ्यावर अंगठा, नेमकी एक्स्पायरी डेट त्याच्याखाली. मग मोबाइलचं बिल, पत्त्याचा पुरावा म्हणून, जे आमच्या फर्ममध्ये चालतच नाही. मग बँक अ‍ॅपचे स्क्रीनशॉट, मोजले मी, 41 होते, त्यातले काही दोनदा. आणि मग नुसती शांतता, कारण बेकरीवाल्याच्या मते त्याने सगळं पाठवलं होतं! मी इकडे चिडलेले, की एवढं साधं मागितलं तरी देत नाही माणूस.

मॅनेजरने माझा मेल वाचला आणि एवढंच विचारलं, "यात तू नेमकं काय मागितलंयस?" मी परत वाचला. खरंच, एकाही कागदाचं नाव नव्हतं त्यात. आई वाण्याला यादी देताना नुसतं "डाळ" लिहीत नाही हो, तूरडाळ, दोन किलो, बिनपॉलिशची असं लिहिते, आणि मी "सर्व कागदपत्रं" लिहून मोकळी.

मग 27 तारखेला, सोमवारी, दुसरा मेल लिहिला. सुरुवातीला काय काय मिळालंय ते एका ओळीत (इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, व्हॅट सर्टिफिकेट, मागच्या वर्षीचे अकाउंट्स), म्हणजे तो तेच परत शोधत बसणार नाही. त्याखाली बाकीचं, साधारण असं:

1. तुमचं लायसन्स: पुढची बाजू, रंगीत, चारही कोपरे दिसतील असा फोटो.
2. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट (फोटोचं पान) आणि दोघांच्याही पत्त्याचा पुरावा: गेल्या तीन महिन्यांतलं बँक स्टेटमेंट किंवा वीज-गॅसचं बिल, किंवा या वर्षीचं काउन्सिल टॅक्स बिल. पीडीएफ. मोबाइल बिल चालत नाही.
3. बिझनेस खात्याचे 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 चे सगळे व्यवहार: बँकेच्या वेबसाइटवरून सीएसव्ही, आणि त्याच काळाचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये.
4. कंपनीज हाऊसचा सहा अक्षर-आकड्यांचा ऑथेंटिकेशन कोड. मेलमध्ये लिहा, पण नसेल तर याच शुक्रवारच्या, 31 ऑक्टोबरच्या आत कळवा.
5. ओव्हनच्या हप्त्यांचा करार: सगळी पानं, स्कॅन, एकच पीडीएफ.

दुसऱ्या नंबरवर त्याचा लगेच फोन. "बायकोचं कशाला, ती फक्त केक बनवते." मी म्हटलं केक बनवते, पण 100 पैकी 50 शेअर्स तिच्या नावावर आहेत ना, आणि 25 टक्क्यांच्या वर ज्याचा हिस्सा त्याची ओळख आम्हाला तपासावीच लागते. हे खरं तर मेलमध्येच एका ओळीत लिहायला हवं होतं, फोन वाचला असता.

सीएसव्हीचं पण सांगते, कारण यात मी आधी एकदा पोळलेय. फाइल मागताना ती "जशी डाऊनलोड झाली तशीच पाठवा, उघडून सेव्ह करू नका" असं लिहावं लागतं. कोणाच्या एक्सेलची सेटिंग अमेरिकन असली की 3 एप्रिलचा 4 मार्च होतो आणि 12 तारखेच्या पुढचं जे आहे ते तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होऊन बसतो. आकडे सगळे बरोबर दिसतात, पण व्यवहार भलत्याच महिन्यात जाऊन पडतात. म्हणून तर पीडीएफ सोबत मागायची, महिन्याअखेरची शिल्लक दोन्हीकडे जुळली की जीव भांड्यात पडतो.

आणि चौथ्याला वेगळी तारीख का, तर त्या कोडशिवाय अकाउंट्स ऑनलाइन फाइल करता येत नाहीत, तो हरवला की नवीन मागवावा लागतो आणि तो पोस्टाने येतो, कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर. आता या बेकरीचं रजिस्टर्ड ऑफिस कुठे, तर जुन्या अकाउंटंटच्या ऑफिसात! क्लायंटने बुधवारीच "सापडत नाही" कळवलं म्हणून बरं, क्लायंट आमच्याकडे येतोय, काही हरकत नाही ना, असं क्लिअरन्सचं पत्र आम्ही जुन्या फर्मला लिहितच होतो, त्यातच कोड पण मागून घेतला. हेच त्याने शेवटच्या दिवशी सांगितलं असतं तर काय केलं असतं देव जाणे.

बाकी सगळ्याला शेवटची तारीख शुक्रवार 14 नोव्हेंबर, संध्याकाळी 5. ही हवेतून नाही काढली. नाताळात आमचं ऑफिस बंद, म्हणजे 19 डिसेंबरपर्यंत सही झालेले अकाउंट्स हातात हवेत, त्याआधी क्लायंटला वाचायला एक आठवडा, त्याआधी आमचं काम चार आठवडे, कारण त्याच सुमाराला जानेवारीच्या सेल्फ असेसमेंटची, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक टॅक्स रिटर्नची, गर्दी पण सुरू होते. उलटं मोजत गेलं की 14 येते. मेलमध्ये हेही लिहिलं, की यानंतर कागद आले तरी काम करू पण 31 डिसेंबरची हमी देता येणार नाही. लिहिताना हात अडखळला माझा, आपल्याकडे क्लायंटला असं बोलणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. मॅनेजर म्हणाली, दंड आल्यावर सांगण्यापेक्षा आता सांगितलेलं बरं.

एक ते चार गुरुवारपर्यंत आले. शुक्रवारी पावणेपाचला तो स्वतःच ऑफिसात, हातात ओव्हनचा करार आणि माझ्या मेलची प्रिंट, कोपऱ्याला पीठ लागलेलं, चार नंबरांपुढे पेनाने टिक. पाचव्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं. "सगळी पानं म्हणजे मागची बाजू पण का?"

मी करार उलटा केला. व्याजाचा दर आणि हप्त्यांचा तक्ता, सगळं मागेच छापलेलं होतं.