पाचवीच्या तासाला बहिणाबाई

आज ग्रंथालयाच्या तासाला पाचवीला बहिणाबाईंची ‘संसार’ कविता दिली. विषय होता ‘आईचे हात’. कविता लहान आहे, पण तिची ओळख करून देण्यात मी बराच वेळ घालवला, कारण मुलांसमोर नुसतं ‘आईचे हात’ म्हटलं की काय होतं ते पाहिलेलं आहे. ‘आई म्हणजे माया’, ‘आई म्हणजे देवाचं रूप’ अशी निबंधातली वाक्यं भराभर येतात आणि त्यात हात कुठेच नसतो. शिवाय वर्गात एक मुलगा आजीजवळ राहतो, एका मुलीचा स्वयंपाक बाबा करतात. म्हणून सुरुवातच अशी केली: ‘तुम्हाला जेवायला कोण वाढतं, त्या माणसाचा हात डोळ्यासमोर आणा. बोटं कशी आहेत? कुठे भाजल्याची खूण आहे का?’

मग भाकरीवर आले. पुष्कळ मुलांच्या घरी रोज पोळीच होते, त्यामुळे हाताला चटका बसतो कुठे हेच त्यांना ठाऊक नसतं. ते कळल्याशिवाय ओळ कळत नाही. गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळायचं, गोळा परातीत थापायचा, पिठाची बाजू वर ठेवून भाकर तापल्या तव्यावर टाकायची. लगेच ओल्या बोटांनी तिच्यावरून पाणी फिरवायचं, तेव्हा हात तव्याच्या अगदी जवळ असतो. पाणी सुकत आलं की कड सोडवून ती उलटायची. चुलीवर असेल तर शेवटी तवा उतरवून भाकर निखाऱ्यांशी उभी धरायची, म्हणजे ती फुगते. फुगलेली भाकर कुठे फुटली तर आतली वाफ सरळ बोटांवर येते. हे मी रिकामी परात घेऊन करून दाखवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, माझी आजी उलथणं घेतच नाही, बोटांनीच उलटते. आणि मग बोटं कानाला लावते.’ मला हवं होतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

एवढं झाल्यावर कविता वाचली. अर्थ आधी सांगितला नाही. ‘मियते’ म्हणजे ‘मिळते’ आणि ‘चुल्हा’ म्हणजे चूल, एवढंच फळ्यावर लिहिलं.

अरे, संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर

दुसऱ्यांदा वाचताना ‘आधी’ या शब्दापाशी थोडी थांबले. पहिल्यांदा नुसती चाल ऐकणारी मुलं आता हाताकडे बघत होती. कविता पोचली की नाही हे मी उत्तरांवरून ओळखते. ‘बहिणाबाई महान होत्या’ असं उत्तर आलं तर नाही पोचली. ‘चटका बसला तरी ती पुढची भाकर टाकते, कारण सगळे ताटावर बसलेले असतात’ असं आलं तर पोचली. आज हे दुसरं उत्तर आलं, तेही एरवी गप्प असणाऱ्या एकाकडून.

कवयित्रीची माहिती मी मुद्दाम शेवटी ठेवली. बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, गाव जळगावजवळचं आसोदे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे हात चालू असत आणि तोंडाने ओव्या सुचत. त्या कागदावर उतरवल्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. म्हणजे आईच्या हातांची ही कविता आपल्यापर्यंत मुलाच्या हातून आली. हे सांगताना माझा स्वत:चा गळा थोडा भरून आला, पण मुलांना त्यातलं लिहून घेणंच जास्त भावलं. ‘मग आपणही आजीची गाणी लिहून घेऊ शकतो का?’ असं दोघींनी विचारलं. हो म्हटलं, फक्त तिच्याच बोलीत लिहा, शब्द शुद्ध करत बसू नका. सोपानदेवांनी ‘मियते’चं ‘मिळते’ केलं असतं तर आसोद्याच्या घरातला आवाजच गेला असता.

एकाने विचारलं, ‘बाई, त्यांनी स्वत:चं पुस्तक पाहिलं का?’ नाही पाहिलं. डिसेंबर 1951 मध्ये त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आलं. त्यावर मुलं बराच वेळ भांडली, आधी छापायला हवं होतं म्हणून. भांडू दिलं.

पुढच्या तासाला ‘घरोट’ घ्यायची आहे. त्यासाठी कुणाच्या तरी घरून जातं मिळवायला हवं, खुंटा घट्ट असलेलं. एका हाताने खुंटा फिरवत दुसऱ्या हाताने तोंडात घास टाकायचा, हे मुलांना स्वत: करायला मिळालं पाहिजे.