कापडावर न तुटणारं थालीपीठ

भाजणी संपली होती आणि डब्यात ज्वारी, बाजरी, बेसन, कणीक अशी सगळी पिठं थोडी थोडी उरली होती. तीच एकत्र करून थालीपीठं लावायची ठरवली. भाजणीची थालीपीठं मी कितीतरी वर्षं लावतेय, त्यामुळे हे सहज जमेल असं वाटलं होतं. पहिलं कापडावरून उचलतानाच मधोमध दुभंगलं. दुसऱ्याचा अर्धा भाग तव्यावर गेला आणि अर्धा कापडाला चिकटून राहिला.

मी ज्वारी-बाजरीची पिठं जास्त घेतली होती आणि सगळं गार पाण्यात भिजवलं होतं. या दोन्ही पिठांना गव्हासारखा चिकटपणा नसतो. गोळा हातात छान वाटतो, पण थापायला लागलं की कडा फाटत जातात. म्हणून पुढच्या खेपेला कणीक वाढवली. थालीपीठ तुटलं नाही, पण थापलेली कड परत आत यायला लागली, आणि भाजल्यावर ते चिवट झालं. खुसखुशीतपणा गेला तर थालीपीठाला अर्थ काय?

सासूबाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “अगं, भाकरीला उकळतं पाणी घालतेस ना? मग इथे का नाही?”

आता माझं प्रमाण ठरलंय. एक वाटी ज्वारी आणि अर्धी वाटी बाजरी परातीत घ्यायची, त्यावर पाऊण वाटी उकळतं पाणी ओतून उलथन्याने कालवायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. गरम पाण्याने पीठ फुलतं आणि त्याला धरून ठेवणारा चिकटपणा येतो. तोवर एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून त्याला मीठ चोळून ठेवायचं. आधी मी कांदा जाडसर चिरायची, आणि थापताना नेमकी त्या फोडीपाशीच चीर पडायची. मिठाने कांदा मऊ होतो आणि त्याचं पाणीही सुटतं. ते पाणी टाकायचं नाही, पण ते धरूनच पुढचं पाणी बेताने घालायचं. मग अर्धी वाटी बेसन, पाव वाटी कणीक, दोन चमचे तांदळाचं पीठ, तिखट, हळद, ओवा, तीळ, कोथिंबीर. एवढ्यात पाच थालीपीठं होतात.

पीठ भाकरीच्या पिठापेक्षा सैल हवं. छोटी गोळी करून अंगठ्याने दाबते. कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळते. गोळी बोटाला चिकटून वर आली तर ज्वारीचं पीठ थोडं भुरभुरते. मळल्यावर मात्र लगेच लावायला घ्यायचं. अर्धा तास राहिलं की कांदा आणखी पाणी सोडतो आणि शेवटची दोन थालीपीठं लगदा होतात.

कापड जुन्या सुती धोतराचं, विरलेलं. नवं कापड वापरून पाहिलं, खळीमुळे ते पाणीच धरेना. जुनं कापड भिजवून घट्ट पिळायचं आणि पोळपाटावर सुरकुती न ठेवता पसरायचं. सुरकुतीवर थापलं तर तिथे पातळ रेघ राहते आणि उचलताना त्याच रेघेवर थालीपीठ मोडतं. कापड कोरडं पडलं तर पीठ चिकटतं, थबथबलेलं असेल तर खालचा थर विरघळल्यासारखा होतो.

गोळा मधे ठेवून ओल्या बोटांनी मधून कडेकडे थापत जाते. सगळ्यात जास्त वेळ जातो तो कडेला. कड पातळ आणि मध्य जाड राहिला की उलटताना कडच आधी तुटते, म्हणून शेवटी एका हाताने कड आतल्या बाजूला अलगद दाबत दुसऱ्या हाताने फिरून थापते. मग मधे एक आणि भोवती चार भोकं.

तवा तापलेला हवा, त्यावर तेल पसरलेलं. कापडाची दोन टोकं धरून, थालीपीठाची बाजू खाली करून ते तव्यावर टेकवायचं आणि पाच-सहा अंक मोजायचे. इथेच माझी घाई नडायची. खालचा थर तव्याला धरला की कापड सुटतं. ते सरळ वर ओढायचं नाही. एका टोकापासून कापडावरच मागे दुमडत, तव्याला जवळजवळ समांतर काढायचं. कुठे अडलं तर त्या जागी कापडावर पाण्याचा हात फिरवायचा आणि क्षणभर थांबायचं.

भोकांत तेल सोडून झाकण, आच मध्यम. पिठं भाजलेली नसल्यामुळे भाजणीच्या थालीपीठापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त द्यावी लागतात, नाहीतर बेसन कच्चं लागतं. कड तव्यापासून आपोआप सुटली की उलटते. परवा पाचही अख्खी उतरली. शेवटच्या थालीपीठावर कापडाची वीण जशीच्या तशी उमटली होती.