चार वर्षांचा अर्जदार

फॉर्ममध्ये वयाचा एकच रकाना होता आणि कागदावर अट लिहिलेली होती, ‘वय १८ ते ६०’. टेस्टिंगला बसण्याआधी मी एकच गोष्ट विचारून घेतली: साठ धरून की साठ सोडून? उत्तर आलं, दोन्ही टोकं धरून, वय पूर्ण वर्षांत. हे पक्कं झाल्याशिवाय बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिसला हात घालण्यात अर्थ नसतो, कारण त्या पद्धतीत मर्यादेच्या टोकांवरचे आणि त्यांच्या लगतचे आकडे टाकून बघायचे असतात. सीमा नेमकी कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर तिच्या अलीकडचं काय आणि पलीकडचं काय?

मग आकडे निवडले: १७, १८, १९ आणि ५९, ६०, ६१. वय पूर्णांकात असल्यामुळे शेजारचा आकडा एकाने कमी किंवा एकाने जास्त. मधले तीस, चाळीस, पंचेचाळीस एकेक करून टाकत बसण्यात वेळ जातो आणि हाती फारसं लागत नाही. कोड लिहिणारा माणूस चुकतो तो चिन्हात: `>=` ऐवजी `>`, `<=` ऐवजी `<`. अशा चुकीने सीमेवरच्या एकाच आकड्याचा निकाल बदलतो, बाकी सगळे जसेच्या तसे राहतात. म्हणून तो एक आकडा टाकावाच लागतो.

त्या दिवशी सकाळीच ६० नापास झाला. ५९ घेतला, ६० नाकारला. कोड उघडून बघायच्या आधीच काय झालंय ते कळत होतं:

```
if (age >= 18 && age < 60)
```

बरेच जण चारच आकडे घेतात, १७, १८, ६०, ६१, आणि ही चूक तेवढ्यात पकडली जाते. मी १९ आणि ५९ सुद्धा ठेवते, कारण त्यांच्यामुळे बिघाडाचा आकार दिसतो. नुसता ६० नाकारला गेला असता तर कमाल मर्यादा एकाने सरकलीय की वरचा मोठा तुकडाच गळालाय, हे सांगता आलं नसतं. ५९ चालतोय म्हटल्यावर संशय त्या एका चिन्हावर येतो.

डेव्हलपरने दुरुस्ती केली आणि जाता जाता एक चांगलं कामही केलं. १८ आणि ६० हे आकडे कोडमध्ये ठोकून न ठेवता त्याने ते रकान्याच्या गुणधर्मात हलवले, म्हणजे उद्या मर्यादा बदलली तर कोडला हात लावायला नको. मी सहाही आकडे पुन्हा टाकले. १८, १९, ५९, ६० आत. १७ आणि ६१ बाहेर. सगळं जिथल्या तिथे.

दुपारी शेजारची सहकारी त्याच फॉर्मचा पत्त्याचा भाग तपासत होती. ती म्हणाली, “अगं, मी पंचेचाळीस टाकायला गेले, पाच उमटलाच नाही. नुसता चार गेला आणि फॉर्म सबमिट झाला. असं चालतं का?”

अजिबात चालायला नको होतं. सर्व्हरवरची तपासणी अजून लिहायची होती, त्यामुळे नोंद थेट टेबलात जाऊन बसली होती: वय ४.

मी आणि डेव्हलपर एकत्र बसलो. तो म्हणाला, “एक आकडी संख्यांचा घोळ दिसतोय. ९, १० टाकून बघ. आणि वरच्या बाजूला ९९, १००.” सल्ला बरोबर होता, आकड्यांची लांबी बदलते तिथेही एक सीमाच असते. पण चारही नाकारले गेले, म्हणजे निकाल बरोबर आला. शून्य, उणे एक, ९९९, रिकामा रकाना, टेस्टर सवयीने जे जे टाकतो ते सगळं नीट नाकारलं गेलं. आणि तरी ४ आत जात होता.

मग मी १ पासून एकेक टाकत गेले. १ बाहेर. २, ३, ४, ५, ६ आत. ७ बाहेर. एवढं पाहिल्यावर आम्हा दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. तुलना संख्यांची होतच नव्हती, अक्षरांची होत होती. नवा कोड असा होता:

```
const ok = box.value >= box.dataset.min
        && box.value <= box.dataset.max;
```

जावास्क्रिप्टमध्ये रकान्यातून येणारी किंमत ही मजकूर असते. आधीच्या कोडमध्ये समोर खरी संख्या होती, १८, त्यामुळे मजकुराची आपोआप संख्या होत होती. आता गुणधर्मातून येणारी मर्यादाही मजकूरच. दोन्ही बाजूंना मजकूर असला की तुलना शब्दकोशातल्या क्रमाने होते, डावीकडून एकेक अक्षर. ‘४’ हा ‘१८’ च्या नंतर येतो, कारण पहिलंच अक्षर मोठं. आणि ‘६०’ च्या आधी येतो, कारण पहिलंच अक्षर लहान. झाला पात्र.

खरी मेख पुढे आहे. दोन आकडी संख्या सगळ्या सारख्याच लांबीच्या, त्यामुळे त्यांचा शब्दकोशातला क्रम आणि संख्यांचा क्रम एकच असतो. माझे सहाही आकडे दोन आकडीच. कागदावर मांडून बघितलं तर या चुकीच्या कोडमध्ये ७ पासून १७९ पर्यंत कोणतंही वय टाकलं तरी निकाल बरोबर येतो! खाली २ ते ६ चुकतात आणि वर १८० पासून थेट ५९९ पर्यंत. २०० वर्षांचा माणूस बिनदिक्कत आत, १०० वर्षांचा बाहेर.

या पद्धतीवर माझा भरवसा आहे आणि त्या दिवसानंतरही तो तसाच आहे, पण ती काय गृहीत धरते हे तेव्हा स्पष्ट दिसलं. किमती एका रांगेत उभ्या आहेत आणि आपण व प्रोग्राम ती रांग एकाच क्रमाने वाचतोय, हे ती धरून चालते. प्रोग्रामचा क्रमच वेगळा असेल तर त्याच्या सीमाही वेगळ्या जागी असतात. आपण ६० आणि ६१ च्या मध्ये उभे, आणि त्याची एक सीमा ६ आणि ७ च्या मध्ये.

दुरुस्ती सोपी होती, तुलनेआधी दोन्हीकडची संख्या करून घेणे:

```
const age = Number(box.value);
const min = Number(box.dataset.min);
const max = Number(box.dataset.max);
```

टेस्टच्या यादीत सहा आकड्यांशेजारी मी ५ आणि २०० घातले. हे दोन सीमेवरचे नाहीत. दोन्ही क्रम जिथे एकमेकांशी भांडतात त्या पट्ट्यांतले आहेत, एक खालचा, एक वरचा. सर्व्हरवरची तपासणी लिहून झाल्यावर तीच यादी फॉर्म बाजूला ठेवून थेट सर्व्हरवरही चालवली.

डेव्हलपरने विचारलं, “मर्यादा बदलली तर १७, १८, १९ बदलतील. पण ५ आणि २०० कायमचे ना?” कायमचे नाहीत. किमान वय २१ झालं की ‘२००’ हा शब्दकोशात ‘२१’ च्या आधी येतो, म्हणजे चुकीचा कोडही त्याला नाकारतो आणि टेस्ट हिरवी दिसते. तिथे ३०० लागेल. टेस्टच्या फाइलमध्ये २०० च्या वरच्या ओळीत मी हेच टिपून ठेवलं.