चोवीस मिलिमीटर

२०१३ चा पावसाळा. कोल्हापुरात चार दिवस झड लागली होती. डॉक्टरांचा फोन आला तो थेट विषयावरच: "मॅडम, तालमीतल्या पोराला सिप्रो सुरू करून सात दिवस झाले. रोज संध्याकाळी ताप १०३ वर जातोय. तुमचा रिपोर्ट बरोबर आहे ना?"

रिपोर्टवर माझी सही होती. ब्लड कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचाच जंतू, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे 'सेन्सिटिव्ह', म्हणजे त्या औषधानं मरणारा. मुलगा एकोणीस वर्षांचा, रोज पहाटे उठून जोर मारणारा. त्याची आई रिपोर्ट न्यायला आली होती तेव्हा म्हणाली होती, "ताई, गोळ्या येळच्या येळी देतोय, पर ताप काय उतरंना."

तो जंतू वाढवलेली प्लेट फ्रिजमधून काढली, काळ्या कागदावर उपडी ठेवली आणि पट्टी लावून पुन्हा मोजलं. सिप्रो भिनवलेल्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ २४ मिलिमीटरचं. भिंतीवरच्या तक्त्यात २१ किंवा जास्त असेल तर सेन्सिटिव्ह. म्हणजे तक्त्याप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. पण शेजारीच नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडची चकती होती, याच घराण्यातलं जुनं औषध. तिच्या अगदी कडेपर्यंत जंतू दाट वाढले होते. पहिल्या दिवशी हे मला दिसलं होतं. टायफॉइडला नॅलिडिक्सिक कोणी देत नाही म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

तिथंच सगळं उत्तर होतं. या जंतूचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल, आणि जंतू स्वतः दोन-तीन मायक्रॉनचा. चऱ्हाटाचे पेड मध्येच उलगडायला गेलं की पुढं पीळ घट्ट होत जातो, तसंच डीएनएची नक्कल होताना होतं. हा पीळ काढायचं काम डीएनए गायरेज या एन्झाइमचं. ते डीएनएचे दोन्ही पेड कापतं, त्या फटीतून दुसरा भाग पार करतं आणि काप पुन्हा सांधतं. सिप्रो नेमकं कापलेल्या जागी शिरून बसतं आणि सांधू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा येऊन तिथं अडकते, गुणसूत्राचे तुकडे पडतात, जंतू मरतो. म्हणजे औषध एन्झाइमला नुसतं बंद पाडत नाही, अर्धवट कामावर अडकवून त्याच्याच हातून जंतूचा घात करतं.

पण तिथं बसायला औषधाला आधार लागतो. मॅग्नेशियमचा एक आयन आणि त्याभोवतीचं पाणी यांच्या पुलावरून ते गायरेजच्या ए भागातल्या ८३ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो अ‍ॅसिडला आणि ८७ च्या अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिडला धरून असतं. सेरीन बदललं की पकड सुटते. नॅलिडिक्सिकचा प्रभाव तेवढ्यानंच जातो. सिप्रो जास्त ताकदीचं, त्यामुळं ते प्लेटवर अजून वर्तुळ पाडतं, पण आधीपेक्षा लहान. रोग्याच्या अंगात टायफीचे जंतू पेशींच्या आत दडून असतात आणि तिथं ही उरलेली ताकद कमी पडते. पुढं ८७ वर दुसरा बदल झाला आणि गायरेजचंच भावंड असलेल्या टोपोआयसोमरेज चार या एन्झाइमच्या पार-सी जनुकातही ८० वर बदल झाला, की वर्तुळ जवळजवळ उरतच नाही. आमचा जंतू पहिल्याच पायरीवर होता, आणि ही पायरी तक्त्याला दिसत नव्हती.

तक्ता जुना होता. अशा चाचण्यांच्या मर्यादा ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकेतल्या संस्थेनं २०१२ मध्ये साल्मोनेलासाठी सिप्रोच्या मर्यादा बदलल्या होत्या: ३१ किंवा जास्त तरच सेन्सिटिव्ह, २१ ते ३० मधलं, २० किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. खात्रीसाठी नवी प्लेट करून ई-टेस्टची पट्टी लावली. जंतूची वाढ रोखायला किमान किती सिप्रो लागतं ते तिच्यावर कळतं. दुसऱ्या दिवशी आकडा आला मिलिलिटरला ०.२५ मायक्रोग्रॅम. जुन्या मर्यादेत तो आरामात बसत होता, कारण ती १ होती. नवी मर्यादा ०.०६.

ई-टेस्टसाठी मी थांबले, पण डॉक्टरांना थांबवलं नाही. त्याच दुपारी कळवलं, "सर, सिप्रोवर विसंबू नका, माझा रिपोर्ट मी बदलते आहे." त्यांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. ताप लगेच उतरला नाही. टायफॉइडमध्ये योग्य औषधानंही चार-पाच दिवस जातात, हे मी त्या आईला सांगून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी तो सकाळी पेज प्यायला.

काही महिन्यांनी संशोधन करणाऱ्या एका मैत्रिणीनं त्या जंतूचा गायर-ए जनुक वाचून दिला. ८३ व्या जागी TCC च्या ठिकाणी TTC होतं. एक अक्षर बदललेलं, आणि सेरीनच्या जागी फेनिलअ‍ॅलानिन.

मग मी जुनी रजिस्टरं काढली. टायफीच्या नोंदी, सिप्रोची वर्तुळं २३, २५, २६, आणि शेजारी नॅलिडिक्सिकच्या रकान्यात R. अशा ओळी एकामागून एक सापडत गेल्या, आणि प्रत्येकीपुढं माझ्याच अक्षरात 'सिप्रो: S'. त्यातले कोण किती दिवस तापानं फणफणत राहिले, ते रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं.